‘घरचे तयार होणार नाहीत’ असे सांगू नका: नाते स्पष्टपणे आणि माणुसकीने कसे थांबवावे

नाते संपवण्यासाठी भेटायला गेलेली आणि परत येताना पुढच्या रविवारची भेट ठरवून आलेली तरुण मंडळी सांगली-मिरजेत मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्याकडे हिंमत नसते असे नाही. त्यांनी कामाचा क्रम चुकवलेला असतो. निर्णय पुरता झालेला नसताना ती बोलायला जातात, समोरच्याचे डोळे भरून आले की शब्द मऊ करतात, आणि त्या मऊ शब्दांतून समोरच्या माणसाला पुढचे सहा महिने पुरेल एवढी आशा देऊन येतात. म्हणून या लेखात फक्त क्रम सांगितला आहे: आधी काय, नंतर काय, आणि कुठे थांबायचे.

हा लेख दोन सज्ञान, अविवाहित व्यक्तींमधल्या एकदोन वर्षे किंवा त्याहून अधिक चाललेल्या प्रेमसंबंधांपुरता आहे. साखरपुडा झाला असेल तर दोन घरांचे देणेघेणे आणि ठरलेली बोलणी मध्ये येतात. लग्न झाले असेल तर मार्ग न्यायालयातून जातो. त्या दोन्ही गोष्टी इथे घेतलेल्या नाहीत.

उदाहरणासाठी एकच जोडी शेवटपर्यंत सोबत ठेवते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत. मुलगी २६ वर्षांची, घर मिरजेत, नोकरी विश्रामबागेतल्या एका पतसंस्थेत. मुलगा २८ वर्षांचा, मूळचा तासगावकडचा, कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर. तीन वर्षांचे नाते. तिने ते दोनदा संपवले. पहिल्यांदा फेब्रुवारीत, चुकीच्या पद्धतीने, आणि दुसऱ्यांदा दिवाळीनंतर, नीट.

## १. निर्णय एकट्याने पूर्ण करा

फेब्रुवारीत ती बोलायला गेली, तेव्हा आदल्या रात्री मोठे भांडण झालेले होते. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी घेतलेला निर्णय हा बहुतेक वेळा निर्णय नसून राग असतो, आणि राग दोन दिवसांत उतरला की माणूस स्वतःच परत फोन करतो. त्यामुळे पहिले काम असे, की तीन आठवडे एक साधी वही ठेवावी. रोज रात्री तारीख घालून दोनतीन ओळी लिहाव्यात: आज त्याच्याशी किंवा तिच्याशी बोलल्यावर कसे वाटले, भेट ठरली तेव्हा मनाला उभारी आली की ओझे वाटले, पाच वर्षांनंतरचा विचार करताना हे माणूस तिथे दिसले की नाही. भांडण झालेल्या दिवसाच्या नोंदीपुढे खूण करून ठेवावी.

तीन आठवडे झाल्यावर खूण केलेले दिवस बाजूला ठेवून उरलेल्या नोंदी वाचाव्यात. खरे उत्तर त्या साध्या, कंटाळवाण्या दिवसांत असते. त्या मुलीच्या वहीत भांडणाचे दिवस दोनच निघाले. बाकीच्या नोंदींमध्ये मात्र ‘फोन वाजला, उचलावासा वाटला नाही’ या अर्थाचे वाक्य पुन्हा पुन्हा आले होते.

यानंतर स्वतःला एक प्रश्न विचारावा: उद्या समोरच्याने माझी प्रत्येक तक्रार दूर केली, तर मी या नात्यात राहीन का? उत्तर ‘हो’ असेल, तर तुमच्याकडे निर्णय नाही, तक्रार आहे, आणि तक्रार बोलून सोडवायची असते. त्यासाठी नाते मोडण्याची धमकी वापरणे हा क्रूरपणाच आहे. उत्तर ‘नाही’ असेल, तर निर्णय झालेला आहे आणि पुढच्या टप्प्यावर जायला हरकत नाही.

सावधान: या काळात सल्ला एकाच माणसाचा घ्यावा, आणि तो दोघांचा सामाईक मित्र नसावा. सांगलीसारख्या गावात सहा जणांना विचारलेली गोष्ट सातव्याकडून, बहुधा चहाच्या गाड्यावर, समोरच्याच्या कानावर जाते. आपले नाते संपले आहे हे दुसऱ्याकडून कळणे यासारखा अपमान नाही.

निर्णय झाल्यापासून प्रत्यक्ष बोलण्यापर्यंत दहाबारा दिवसांपेक्षा जास्त वेळ घालवू नये. या दिवसांत तीन गोष्टी पूर्ण बंद ठेवाव्यात: लग्नाविषयीचे बोलणे, शारीरिक जवळीक आणि एकत्र खर्च किंवा सहलीचे बेत. ‘बोलेपर्यंत नेहमीसारखे वागू, उगाच संशय नको’ असे अनेकांना वाटते, पण निर्णय झाल्यानंतर घेतलेली जवळीक समोरच्याला नंतर फसवणूक म्हणूनच आठवते. यात कायद्याचाही भाग आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ नुसार, पाळण्याचा हेतू नसताना लग्नाचे वचन देऊन स्त्रीशी ठेवलेला शरीरसंबंध हा दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल असा गुन्हा आहे. मनापासून दिलेले वचन पुढे पाळता न येणे आणि मुळात हेतूच नसताना वचन देणे यांत न्यायालये फरक करतात. पण नाते थांबवायचे ठरल्यानंतरही ‘पुढच्या वर्षी करू लग्न’ म्हणत राहणाऱ्या मुलाला त्या फरकाचा आधार उरत नाही.

पडताळणी: तुमचा निर्णय ‘पण’, ‘सध्या’, ‘कदाचित’ आणि ‘मला वाटतं’ यांपैकी एकही शब्द न वापरता एका वाक्यात लिहून पाहा. लिहिता आला नाही, तर वही आणखी एक आठवडा चालू ठेवा.

## २. समोरासमोर भेटणे सुरक्षित आहे का, ते आधी ठरवा

समोरासमोर सांगणे सभ्यपणाचे असते हे खरे, परंतु सगळ्यांनाच ते देणे लागत नाही. समोरच्याने कधी हात उचलला असेल, पाठलाग केला असेल, खाजगी फोटो पसरवण्याची धमकी दिली असेल, किंवा तुम्ही कुठे आहात हे सतत तपासले असेल, तर एकट्याने भेटायला जाऊ नये. अशा वेळी फोनवर, घरातले किंवा विश्वासातले माणूस शेजारी बसलेले असताना, दोन वाक्यांत सांगावे आणि फोन ठेवावा. तेवढेही जमण्यासारखे नसेल, तर लेखी संदेश पुरेसा आहे. त्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

स्पष्ट नकार दिल्यानंतरही स्त्रीचा पाठलाग करणे किंवा तिच्याशी वारंवार संपर्क साधत राहणे हा न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. फोटोंची धमकी आली तर घाबरून बोलणी करत बसण्यापेक्षा धमकीचे संदेश पुसून न टाकता जपून ठेवावेत आणि cybercrime.gov.in वर तक्रार करावी. स्त्रियांशी संबंधित अशी तक्रार तिथे नाव न देताही करता येते.

यांपैकी काहीही नसेल, तर मात्र समोर जाऊनच सांगावे. ‘तिला त्रास नको म्हणून मेसेज केला’ असे म्हणणारे मुलगे मला भेटतात. त्यांनी त्रास वाचवला होता तो स्वतःचा.

## ३. भेटीच्या आधीची तयारी

तयारी म्हणजे भाषण पाठ करणे नव्हे. दोन माणसांच्या आयुष्यात तीन वर्षांत जे धागे गुंतलेले असतात, ते कुठे कुठे आहेत याची यादी करणे म्हणजे तयारी. ही यादी केली नाही, तर बोलणे झाल्यानंतर प्रत्येक धागा सोडवण्यासाठी एकेक नवी भेट होते, आणि प्रत्येक भेटीत तेच रडणे पुन्हा होते.

पैसे. आपल्या उदाहरणातल्या मुलाने तिच्या स्कूटीच्या डाउन पेमेंटसाठी २५,००० रुपये दिले होते, आणि ‘जमेल तेव्हा दे’ असे ठरले होते. याशिवाय दोघे मित्रमंडळींच्या एका भिशीत होते, महिना २,००० रुपये, अजून पाच हप्ते बाकी. वाढदिवसाचे घड्याळ, कपडे, हॉटेलांची बिले हे सगळे वेगळे. नियम सोपा आहे: जे उसने म्हणून घेतले ते परत करायचे, जे भेट म्हणून दिले-घेतले त्याचा हिशेब करायचा नाही. तिने २५,००० रुपये भेटीआधीच खात्यात तयार ठेवले. ते आधी पाठवले असते, तर पैसे येताच त्याला सगळे कळले असते; भेटीत रोख दिले असते, तर नात्याची किंमत चुकती केल्यासारखे दिसले असते. तिने ते भेटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेतून पाठवले, आणि शेऱ्यात फक्त ‘स्कूटी’ एवढाच शब्द घातला. भिशी मोडायची नाही, हप्ते आपापले भरायचे आणि पैसे नेऊन देण्याचे काम गटातल्या दुसऱ्या कुणावर सोपवायचे, हेही तिने आधीच मनाशी पक्के केले.

फोन. त्याच्या लॅपटॉपवर तुमचे व्हॉट्सॲप उघडे राहिले आहे का, हे Linked devices मध्ये जाऊन पाहावे आणि असेल तर लॉग आउट करावे. गुगल मॅप्सवर कधी काळी हौसेने चालू केलेले लोकेशन शेअरिंग अजून चालूच असते, आणि पुष्कळांना त्याचा विसर पडलेला असतो. ईमेल आणि बँकेच्या ॲपचे पासवर्ड बदलावेत. हे सगळे भेटीच्या दिवशी सकाळी करावे, आठवडाभर आधी केले तर लक्षात येते.

वस्तू. त्याची पुस्तके, जॅकेट, चार्जर, घराची किल्ली असे जे काही असेल ते एका पिशवीत भरून घरीच ठेवावे. पिशवी घेऊन भेटायला जाऊ नये. माणूस तुमच्या तोंडाकडे बघायच्या आधी पिशवीकडे बघतो, आणि तुम्ही एक शब्द बोलण्याआधी त्याला निकाल कळतो.

पडताळणी: बोलणे झाल्यानंतर पुन्हा भेटावे लागेल असे एकही काम यादीत शिल्लक नसावे.

## ४. स्थळ आणि वेळ

सांगलीत हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. विश्रामबागेतल्या कॅफेत शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी मावसभाऊ बसलेला असतो, आणि समोरच्याला मोकळेपणाने रडताही येत नाही. म्हणून लोक दुसऱ्या टोकाला जातात: दंडोबाचा डोंगर, कृष्णेचा ओसाड काठ, किंवा ‘शेवटचं एकदा’ म्हणत सागरेश्वरपर्यंत. ही जागा निवडणे सर्वांत मोठी चूक आहे. तिथे दोघे एकाच गाडीवर गेलेले असतात, म्हणजे बोलणे झाल्यावर परतीचा तासभर एकमेकांना खेटून बसून काढावा लागतो. शिवाय नुकताच आघात झालेल्या माणसासोबत नदी, पूल किंवा कड्याजवळ असणे दोघांसाठीही योग्य नाही.

जागा अशी हवी, जिथे माणसांची ये-जा असेल पण कुणी आपले बोलणे ऐकणार नाही, जिथून दोघांनाही स्वतंत्रपणे निघता येईल, आणि जी तुमच्या दोघांची ‘आवडती जागा’ नसेल. आवडत्या जागेला नंतर दोघांनाही जाता येत नाही. त्या मुलीने आमराई निवडली. दुपारचे साडेचार, रविवार. संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी व्हायला अवकाश, आणि अंधार पडायलाही. दोघे आपापल्या गाडीने आले.

वेळेविषयी एवढेच पाहावे, की समोरच्याला दुसऱ्या दिवशी परीक्षा, मुलाखत किंवा कामाची सकाळची पाळी नसावी, आणि घरात आजारपण किंवा लग्नकार्य चालू नसावे. सुपरवायझरच्या कामात सकाळी लवकर मशीनवर उभे राहावे लागते, म्हणून तिने त्याची सोमवारची सुटी कधी आहे ते पाहून रविवार ठरवला. पण सोयीच्या वेळेची वाट पाहण्यालाही मर्यादा आहे. गणपती झाले की नवरात्र, नवरात्र झाले की दिवाळी, असे करत वर्ष जाते. एकदा पुढे ढकलावे, दुसऱ्यांदा नाही.

भेट ठरवताना ‘असंच भेटू’ म्हणू नये. ‘मला तुझ्याशी आपल्याबद्दल महत्त्वाचं बोलायचं आहे, रविवारी साडेचारला येशील का?’ असे आदल्या दिवशी सांगावे. तीन दिवस आधी सांगितले, तर तो माणूस तीन रात्री जागा राहतो. फोनवरच ‘काय झालं ते आत्ता सांग’ असा आग्रह झाला आणि टाळता आले नाही, तर खोटे बोलू नये, तिथेच सांगावे.

## ५. प्रत्यक्ष बोलणे

### पहिल्या पाच मिनिटांत मुख्य वाक्य

आधी चहा, मग ऑफिसच्या गप्पा, मग जुन्या आठवणी, आणि तासाभराने विषय, हा क्रम बोलणाऱ्याला सोपा जातो आणि ऐकणाऱ्याला नंतर त्या तासाची लाज वाटते. बसल्यावर लगेच सांगावे. त्या मुलीचे वाक्य असे होते: ‘मी आपलं नातं इथे थांबवते आहे. हा निर्णय मी पूर्ण विचार करून घेतला आहे.’ यात कर्ता ‘मी’ आहे आणि क्रियापद वर्तमानातले आहे. ‘आपण थांबायला हवं असं मला वाटतं’ हा प्रस्ताव असतो, आणि प्रस्तावावर चर्चा होणारच.

वाक्य बोलून झाल्यावर गप्प राहावे. ही शांतता फार जड असते. ती भरून काढण्यासाठी माणसे जे बोलतात, त्यातच सगळे बिघडते: ‘म्हणजे अगदीच असं नाही’, ‘बघू पुढे’, ‘तू खूप चांगला आहेस रे’. पहिले वाक्य समोरच्याचे असू द्यावे, मग ते यायला दोन मिनिटे लागली तरी चालतील.

### कारण एकच, खरे, आणि स्वतःचे

‘का?’ हा प्रश्न येणारच, आणि त्याचे उत्तर देणे तुमचे कर्तव्य आहे. इथे आमच्या भागात नव्वद टक्के चूक एकाच वाक्याने होते असे मी म्हणेन, अर्थात हा आकडा मोजलेला नाही, वैतागातून आलेला आहे. ते वाक्य म्हणजे ‘घरचे तयार होणार नाहीत’.

फेब्रुवारीत तिने हेच सांगितले होते. तिला वाटले, यात त्याचा अपमान होत नाही आणि दोष कुणावरच येत नाही. त्याने मात्र जे ऐकले ते असे: हिला मी हवा आहे, अडचण फक्त वडिलांची आहे. मग त्याने एखाद्या जबाबदार मुलाने करावे तेच केले. आपल्या मामांना सगळे सांगितले, आणि एका रविवारी मामा तासगावहून तिच्या वडिलांना समजावण्यासाठी मिरजेला घरी जाऊन बसले. तीन वर्षांचे नाते वडिलांना पाहुण्यांसमोर कळले. मामांचा पाणउतारा झाला, मुलगी महिनाभर घरात कुणाशी बोलू शकली नाही, आणि आपल्यासाठी ती एवढे सोसते आहे या समजुतीने मुलगा तिच्यात अधिकच गुंतला. तिलाही मग अपराधी वाटून नाते पुढे आठ महिने ओढले गेले. जातीचे, पत्रिकेचे, शेतीचे कारण पुढे केले की हेच होते, कारण ही सगळी बाहेरची कारणे आहेत, आणि बाहेरचा अडथळा प्रेमात असलेल्या माणसाला दूर करण्याजोगा वाटतो.

घरचा विरोध हेच खरे कारण असेल तर? असते, अनेकदा असते. तेव्हाही वाक्य स्वतःच्या नावावर घ्यावे: ‘मी घरच्यांच्या विरोधात जाऊन लग्न करणार नाही. हे त्यांनी मला सांगितलेलं नाही, मी ठरवलं आहे.’ ऐकायला हे अधिक कठोर आहे. पण यात समोरच्या माणसाला कुणाच्याही दारात जाऊन उभे राहावे लागत नाही.

दुसऱ्या भेटीत तिने सांगितलेले कारण असे होते: ‘गेलं वर्षभर आपल्या दोघांचं पुढचं आयुष्य माझ्या डोळ्यांसमोर येत नाही. यावं म्हणून मी प्रयत्न केला, पण येत नाही.’ यावर त्याला सुधारणा सुचवता येत नव्हती, कारण त्यात त्याच्या सवयींचा उल्लेखच नव्हता. दोषांची यादी वाचणे दोन कारणांनी टाळावे: एक तर ती जन्मभर लक्षात राहते, आणि दुसरे म्हणजे प्रत्येक दोषावर ‘मी बदलतो’ असे उत्तर असते.

### मग येणारे चार प्रश्न

‘दुसरं कुणी आहे का?’ नसेल तर ‘नाही’ म्हणावे. असेल तर ‘हो’ म्हणावे, नाव आणि तपशील देण्याची गरज नाही. इथे बोललेले खोटे सांगलीत फार तर दोन महिने टिकते.

‘मी बदललो तर?’ त्याने हे विचारले तेव्हा तिने उत्तर दिले: ‘तू बदलावंस म्हणून मी हे सांगत नाही. माझा निर्णय तसाच राहील.’ एकदा एवढे म्हटल्यावर पुन्हा त्याच प्रश्नावर तेच वाक्य, त्याच शब्दांत म्हणावे. दर वेळी नवे स्पष्टीकरण दिले की नवा वाद उभा राहतो.

‘निदान मित्र म्हणून तरी राहू.’ याला त्या दिवशी होकार देऊ नये, आणि स्वतःहून तर हे मुळीच सुचवू नये. ‘आत्ता नाही. काही महिने आपण संपर्क ठेवायचा नाही असं मला हवं आहे’ एवढे पुरे.

‘मी जिवाचं बरंवाईट करीन.’ हे वाक्य ऐकून नात्यात परत जाऊ नये, पण ते पोकळ धमकी समजून निघूनही जाऊ नये. तिथेच थांबून त्याच्या किंवा तिच्या जवळच्या माणसाला, भावाला, बहिणीला, खोलीतल्या मित्राला फोन करावा, काय बोलणे झाले ते सरळ सांगावे, आणि ते माणूस येईपर्यंत सोबत राहावे. धोका तातडीचा वाटला तर ११२. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. तो समोरच्याला आणि त्याच्या माणसांना द्यावा. यापुढची काळजी त्याच्या माणसांनी घ्यायची असते. ज्याने नाते संपवले त्यानेच रोज रात्री फोन करून ‘बरा आहेस ना’ विचारणे म्हणजे जखमेवरची खपली रोज काढणे.

### थांबायची वेळ

अर्धा ते पाऊण तास पुरेसा असतो. तेच प्रश्न तिसऱ्यांदा फिरून आले, की बोलणे संपलेले असते. त्या दिवशी पाऊण तासानंतर तिने विचारले, ‘तू गाडी चालवण्याच्या स्थितीत आहेस का, की कुणाला बोलावू?’ त्याने खोलीवरच्या मित्राला बोलावले, तो येईपर्यंत ती थोड्या अंतरावर थांबली, मग गेली. शेवटची मिठी नाही, ‘घरी पोहोचल्यावर मेसेज कर’ नाही. प्रेमळ शेवट करण्याचा मोह होतो, परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर समोरच्या माणसाच्या मनात मुख्य वाक्य मागे पडते आणि ती मिठीच आठवत राहते.

पडताळणी: निघताना स्वतःला विचारावे, मी आत्ता जे बोललो त्यातून पुढच्या महिन्यात वाट पाहण्यासारखे काही समोरच्याला मिळाले आहे का? मिळाले असेल, तर तिथल्या तिथे दुरुस्त करावे, फोनवर नंतर नाही.

## ६. पहिले आठ दिवस आणि नंतरचे दोन महिने

दुसऱ्या दिवशी पैसे आणि एकच संदेश पाठवावा. तिचा संदेश असा होता: ‘काल सांगितलं ते तसंच आहे. तुझ्या वस्तू शनिवारपर्यंत तुझ्या मित्राकडे पोहोचतील. खाजगी फोटो मी माझ्याकडून काढून टाकले आहेत, तूही काढ. यानंतर मी उत्तर देणार नाही, तो तुझा अपमान समजू नकोस.’ शेवटचे वाक्य आवश्यक आहे. काही न सांगता ब्लॉक करणे आणि आधी सांगून गप्प होणे, यांत समोरच्याच्या दृष्टीने फार मोठे अंतर असते.

त्यानंतर दोन महिने खरोखरच उत्तर देऊ नये. वीस संदेशांकडे दुर्लक्ष करून एकविसाव्याला उत्तर दिले, तर एकवीस संदेश पाठवले की उत्तर मिळते एवढेच समोरचा शिकतो. या काळात जुन्या गाण्यांचे किंवा सूचक ओळींचे स्टेटस ठेवणे हेही उत्तरच असते, याचा मात्र पुष्कळांना सोयीस्कर विसर पडतो.

सामाईक मित्रांना सांगण्यासाठी एक वाक्य ठरवून घ्यावे: ‘आमचं नातं थांबलं आहे, मी थांबवलं आहे, आणि त्याच्याबद्दल मला वाईट काही सांगायचं नाही.’ आईला सांगायचे असेल तर आत्ता सांगावे. भेटीआधी सांगितले असते, तर निर्णय आईचा आहे असा समज झाला असता. त्या मुलीने त्याच्या मामांनाही एक फोन केला. ‘मामा, फेब्रुवारीत तुम्हाला आमच्या घरी ऐकून घ्यावं लागलं, ते माझ्या खोटं बोलण्यामुळे. मी माफी मागते,’ एवढेच ती बोलली. हा फोन करा असे मी तिला सांगितलेले नव्हते आणि प्रत्येकाने करावा असेही म्हणणार नाही. मामांनी ऐकून घेतले आणि ‘बरं, पोरी’ म्हणून फोन ठेवला.

नेहमीची चूक: वाढदिवस. दोन महिन्यांच्या आत समोरच्याचा वाढदिवस आला, तर ‘नुसत्या शुभेच्छा’ पाठवल्या जातात, आणि पुढचे तीन दिवस पुन्हा त्याच प्रश्नांची उत्तरे देण्यात जातात. तारीख आधीच पाहून ठेवावी आणि त्या दिवशी फोन दुसऱ्याच्या हातात द्यावा.

गाव लहान आहे, त्यामुळे भेट होणारच: मिरज स्टेशनवर, एखाद्या लग्नाच्या पंगतीत, नाहीतर गणपती मंदिराबाहेर. तोंड फिरवू नये आणि थांबूही नये. ‘बरा आहेस ना?’ विचारावे, उत्तर ऐकावे, आणि ज्या कामासाठी आलो होतो त्या दिशेने चालू लागावे.